गवत तेच, म्हशींना काही झालं नाही, मग घोडीच का लोळली?

प्रश्न: "घोडबंदर रोडला ओवळ्याच्या बाजूला आमची एक घोडी आहे, 8 वर्षांची, अंदाजे 350 किलो. रविवारी वाळलं गवत आणि ओट्स दोन्ही एकदमच संपले. सोमवारपासून शेजारच्या म्हशींच्या तबेल्यात येणारं ताजं पावसाळी गवत पोटभर घातलं आणि ओट्सऐवजी भरडलेला मका, तोच डबा, सकाळ-संध्याकाळ. बुधवारी रात्री ती लोळायला लागली. डॉक्टरांनी वाचवली. 3 दिवस झाले, सध्या फक्त वाळलं गवत चालू आहे. म्हशी तेच गवत रोज खातात, त्यांना काही होत नाही. हिरवं गवत घोड्याला वाईट असतं का? पुढे काय देऊ?"

उत्तर:

हिरवं गवत वाईट नाही. मकासुद्धा विष नाही. रविवारपर्यंत घोडीच्या आतड्यात सूक्ष्मजीवांची एक वस्ती नांदत होती, तिला सोमवारी सकाळी अचानक वेगळं जेवण वाढलं गेलं, तेही दोन्ही बाजूंनी. नुकसान गवताने केलं की मक्याने, हे मी घोडी न पाहता छातीठोकपणे सांगणार नाही. दात झिजलेले असतील, जंत असतील, पाणी कमी पडलं असेल, तर तेही त्यात असू शकतं. पण तुम्ही 'तोच डबा' असं लिहिलंय, तिथे माझी नजर अडकली. त्याच्याकडे येतोच. आधी म्हशीचा हिशोब मिटवू.

म्हैस खाते तो चारा आधी तिच्या कोठीपोटात जातो. ती एक मोठी आंबवणाची टाकी आहे. तिथे सूक्ष्मजीव गवताचे तंतू फोडतात, म्हैस निवांत रवंथ करते, गॅस झाला की ढेकर देऊन मोकळी होते. त्यानंतर माल खऱ्या जठरात आणि लहान आतड्यात जातो. घोड्यालाही अशी टाकी आहे आणि तीही प्रचंड आहे, पण ती मागच्या टोकाला, लहान आतड्याच्या पलीकडे बसवलेली आहे. या उलट्या मांडणीचे दोन परिणाम होतात. पहिला, त्या टाकीत झालेल्या गॅसला तोंडाकडून वाट नाही, सगळी वाट मागच्या दाराने, कित्येक मीटर आतड्यातून वळणं घेत. घोड्याला ओकताही येत नाही, कारण जठराच्या तोंडाची झडप एकाच दिशेने उघडते. दुसरा परिणाम, टाकीत काय पडणार हे लहान आतड्याने पुढून किती उचललं यावर ठरतं. लहान आतड्याच्या हातून जे निसटलं ते सगळं मागे टाकीत. म्हशीलाही भलताच दाणा एकदम घातला तर तिचंही पोट बिघडतं, हे तुमच्या शेजाऱ्यांना विचारा. पण म्हशींना ते गवत रोजचं आहे, त्यांची टाकी त्याच गवतावर जमलेली आहे. तुमच्या घोडीला ते सोमवारी पहिल्यांदा मिळालं.

आता घोडीच्या पोटात शिरू. जठर तिच्या अंगाच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचं. त्यापुढे 20 मीटरच्या आसपास लहान आतडं, आणि एवढी लांबी असूनही अन्न त्यातून काही तासांतच पुढे सरकतं. दाण्यातला स्टार्च, प्रथिनं, चरबी पचवायची ती इथेच, तेवढ्याच वेळात. मग येतं सीकम, साधारण मीटरभर लांब, 30 लिटरच्या घरातली आंधळी पिशवी. तिचं आत जायचं आणि बाहेर पडायचं तोंड जवळजवळ, वरच्या अंगाला. त्यापुढे मोठं आतडं, 3 ते 4 मीटर लांब, त्यात 70-80 लिटर सहज मावतात. एवढं मोठं नळकांडं पोटात मावावं म्हणून ते दुहेरी घडी घालून ठेवलेलं असतं. डाव्या बाजूला मागे, ओटीपोटाजवळ, ते एकदम वळतं आणि वळताना अरुंद होतं. त्या वळणाला आम्ही पेल्विक फ्लेक्शर म्हणतो. गुदद्वारातून हात घातला की घोड्यांच्या डॉक्टरला ज्या जागा आधी चाचपायच्या असतात त्यातली ही एक. चारा या मागच्या भागात दीड-दोन दिवस मुरतो.

मुरवणारे असतात सूक्ष्मजीव. गवताचा मुख्य तंतू, सेल्युलोज, फोडायचं रसायन घोड्याच्या स्वतःच्या शरीरात बनतच नाही. ते काम हे भाडेकरू करतात आणि बदल्यात व्हिनेगरच्या जातीची आम्लं सोडतात, ती घोडा आतड्यातून शोषून घेतो. गवतावर जगणाऱ्या घोड्याच्या ताकदीचा मोठा वाटा इथूनच येतो. म्हणून मी मालकांना म्हणतो, तुम्ही घोड्याला चारत नाही, त्याच्या भाडेकरूंना चारता, घोडा त्यांच्या भाड्यावर जगतो.

हे भाडेकरू एका जातीचे नसतात. काही चिवट तंतू हळूहळू फोडतात आणि वाढतातही हळूहळू. काही साखर नि स्टार्चवर तुटून पडतात आणि बघता बघता दुप्पट होतात. रोज काय येतं त्याप्रमाणे त्यांचं प्रमाण बसलेलं असतं. वर्षभर वाळलं गवत खाणाऱ्या घोड्यात पहिल्या जातीचं राज्य. चारा बदलला की वस्तीलाही बदलावं लागतं, आणि नवी घडी नीट बसायला दोन-तीन आठवडे सहज जातात. घाई केली तर वेगाने वाढणारी जात आधी माजते. ती लॅक्टिक आम्ल करते, आतला सामू एरवी 6.5 ते 7 च्या आसपास असतो तो 6 च्या खाली घसरतो, आणि आंबटपणा न सोसणारे तंतू फोडणारे मरायला लागतात. मेलेल्या जिवाणूंच्या पेशींतून विष सुटतं, गॅस भराभर होतो, आतडं ताणलं जातं, कधी आकड्या येतात, कधी फुगलेलं आतडं वर तरंगून जागचं सरकतं. घोड्याला दुखतं ते या ताणामुळे. सरकलेलं आतडं पिळलं गेलं तर गोष्ट ऑपरेशनपर्यंत जाते.

आता तुमचा डबा. घोड्यांच्या आहाराच्या शास्त्रात एक सावध मर्यादा सांगितली जाते, एका वेळच्या जेवणात दर किलो वजनामागे साधारण 1 ग्रॅम स्टार्च. त्यापलीकडे लहान आतड्याच्या हातून माल निसटण्याची शक्यता वाढत जाते. तुमच्या घोडीला म्हणजे एका वेळी 350 ग्रॅम. तुमचा डबा किती मोठा ते तुम्ही लिहिलं नाही. तबेल्यांत बहुधा 2 लिटरचा तुपाचा डबा असतो, तसा धरू. ओट्स हलके, त्या डब्यात 900 ग्रॅमच्या आसपास मावतात. ओट्समध्ये स्टार्च 40 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे डब्यामागे 360 ग्रॅम. मर्यादेच्या काठावर, पण तिला सवय होती. मका जड. तोच डबा मक्याने भरला तर 1400 ग्रॅमच्या आसपास. मक्यात स्टार्च जवळजवळ दोन तृतीयांश, म्हणजे 900 ग्रॅमच्या वर. डबा एक, पण आत गेलं अडीच पट. त्यात कच्च्या मक्याचा स्टार्च ओट्सच्या मानाने लहान आतड्याला पचायला अवघड, भरडला तरी पुरता सुटत नाही. उरलेला सगळा थेट मागच्या टाकीत, सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा, सोमवार ते बुधवार. मोतद्दाराला दोष देऊ नका, त्याने माप बदललं नाही म्हणजे त्याच्या मते त्याने काहीच बदललं नाही. मी असे डबे इतक्या तबेल्यांत पाहिलेत की आता गेल्या गेल्या आधी डबा उचलून बघतो, घोडा नंतर.

यात गवताने भर घातली. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत म्हणजे बरंच पाणी, तंतू कमी, झटपट आंबणारी साखर नि प्रथिनं जास्त. शिवाय ते येतं कसं बघा. पहाटे कापलेलं ओलं गवत वाड्या-मुरबाडकडून टेम्पोत दाबून भरून येतं, ताडपत्रीखाली तासन्‌तास पडतं. गठ्ठा सोडलात की हात आत कोपरापर्यंत घाला. आत कोमट लागलं, आंबूस वास आला, तर ते आंबायला लागलेलं आहे. म्हैस ते खपवून घेईल, घोड्याला ते घालू नका. चांगलं ताजं गवतही आल्या आल्या पातळ पसरून ठेवा, ढीग करू नका.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. लोकांना वाटतं पोटशूळ दाण्याने होतो, गवत म्हणजे गवत. तसं नाही. परदेशांत पोटशुळाच्या घोड्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत गेल्या दोन आठवड्यांत गवत बदललेलं असणं हे धोक्याचं कारण म्हणून ठळकपणे पुढे आलं. नुसता गवताचा लॉट बदलला तरी. आणि आपल्याकडे उलट दिशेचा बदल, हिरव्यावरून वाळल्यावर, माझ्या अनुभवात जास्त घोडे पाडतो. फक्त तो आरडाओरडा करत येत नाही.

एका डिसेंबरातली गोष्ट. नवी मुंबईतला लग्नाच्या वरातीचा घोडा, लग्नसराई जोरात. गवताच्या व्यापाऱ्याने चार दिवस गाडी पाठवली नाही, म्हणून मालकाने भाताचा पेंढा घातला, कारण पेंढा स्वस्त आणि हाताशी. पाण्याची बादली दिवसातून दोनदा, कारण घोडा दिवसभर बाहेर. पाचव्या दिवशी मला फोन आला, "डॉक्टर, लोळत नाही, घाम नाही, पण दाण्याला तोंड लावत नाही." मी गेलो तेव्हा घोडा मान खाली घालून उभा, मधूनच डाव्या कुशीकडे वळून बघत होता आणि लघवीला उभं राहावं तसं अंग ताणत होता. नाडी 48, म्हणजे थोडी वर; शांत उभ्या घोड्याची 28 ते 44 असते. हिरड्या गुलाबी, पण चिकट. लीद बघितली तर रात्रभरात एकच ढीग, लहान, कडक गोळे, वर चकचकीत शेंबडासारखं आवरण. हात घातला आणि त्याच अरुंद वळणावर मळलेल्या कणकेसारखा, बोट रुतणारा लांबट गोळा हाताला लागला. पेंढ्याचे दांडे, कमी पाणी आणि न पचवू शकणारी जुनी वस्ती, सगळं मिळून तिथे तुंबलं होतं. नाकातून जठरात नळी घालून पाणी आणि क्षार, काही तासांनी पुन्हा तेच, चारा पूर्ण बंद, दुखणं कमी करायला इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लीद सुटली, आधी कडक, मग सैल. मालकाच्या दोन वराती बुडाल्या, तो त्याचाच हिशोब जास्त करत होता.

तुमच्या घोडीकडे परत. डॉक्टरांनी फक्त वाळलं गवत सांगितलं आहे, ते चालू ठेवा, त्यांच्या औषधांना माझं उत्तर पर्याय नाही. पण आज एक गोष्ट तपासा. इतका स्टार्च मागे गेला की पोट बरं झाल्यावरही खुरं दुखण्याचा, म्हणजे लॅमिनायटिसचा, धोका असतो. तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसतो, म्हणून तुम्ही कदाचित त्यातून सुटलात. तरी चारी खुरांवर तळहात ठेवा, एखादं खूर इतरांपेक्षा गरम लागतं का बघा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना नाडी असते. ती एरवी मुश्किलीने लागते, बोटाखाली ठणठण उडत असेल तर डॉक्टरांना आजच बोलवा. कडक जमिनीवर वळताना ती आखडून, पाय जपून टाकत असेल तरीही.

ते नसेल, तर लीद नेहमीसारखी झाल्यावर आठवडाभर नुसतं गवत राहू द्या आणि मग हिरवं सुरू करा. तिला रोज वजनाच्या 2 टक्के, म्हणजे सुमारे 7 किलो वाळलं गवत लागतं. पहिले 4 दिवस त्यातलं पाऊण, पुढचे 4 अर्धं, त्यापुढचे 4 पाव, उरलेली जागा हिरव्याने भरा. हिरव्यात पाणी इतकं असतं की 1 किलो वाळल्याच्या जागी साधारण 4 किलो ताजं लागतं, म्हणजे पूर्ण हिरव्यावर ती 28 किलोच्या आसपास खाईल. हे तराजूवर मोजा, ओंजळीवर नको. या 12 दिवसांत जुनं गवत किती लागलं? 42 किलो. म्हणून तबेल्यात वाळलं गवत 50 किलोवर आलं की नवा माल मागवायचा, संपल्यावर नाही. पावसात सगळं वाळलं बंद करायचीही गरज नाही. मी तर रोज 2-3 किलो वाळलं कायम ठेवायला सांगतो, चावायला लागतं, लाळ सुटते, आणि पाऊस संपल्यावर परतीचा बदलही सोपा जातो.

या काळात दाण्याला हात लावू नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर बिघडलं तर कशाने हे कळत नाही. गवत बसलं की मग ओट्स परत आणा, पहिल्या दिवशी 200 ग्रॅम, दर दोन-तीन दिवसांनी 200 ग्रॅमने वाढवत. एका वेळी पाऊण किलोच्या वर नको, त्याहून जास्त लागत असेल तर दिवसाचे तीन भाग करा. मका सोडून द्या. तिला खरोखर किती दाणा लागतो हे कामावर आहे. दिवसातून अर्धा तास फिरणाऱ्या घोडीला चांगल्या गवतावर फारसा दाणा लागतच नाही, हे ऐकायला मालकांना आवडत नाही.

बदल पचतोय की नाही हे लीद सांगते. निरोगी घोडा दिवसात 8 ते 12 वेळा लीद टाकतो, गोळे जमिनीवर पडताना फुटतात पण चिखल होत नाहीत. पातळ, गर्द हिरवी, आंबट वासाची झाली तर हिरवं एक पायरी मागे न्या आणि 3 दिवस थांबा. ढीग कमी आणि कडक झाले तर पाणी कमी पडतंय. त्यासाठी बादली दिवसभर भरलेली हवी आणि जवळ मिठाचा खडा हवा. तिच्या कुशीला कान लावायची सवय करा, दोन्ही बाजूंना, वर नि खाली. गुडगुड हवी. पूर्ण शांतता हे वाईट लक्षण, सतत गडगडाट हेही बदलाचं लक्षण.

पुन्हा लोळली, घाम फुटला, किंवा शांत असतानाही नाडी 60 च्या वर गेली, तर फोन आधी, बाकी नंतर. दाणा, चारा काढून घ्या. उभी असेल तर हळू फिरवायला हरकत नाही, पण दमेपर्यंत तासभर पळवू नका. ओवा-हिंगाचा काढा किंवा तेल बाटलीने घशात ओतू नका, ते फुप्फुसात जाऊन मेलेला घोडा मी बघितलाय, पोटशूळ त्याचा साधाच होता. घरातलं माणसाचं किंवा उरलेलं दुखण्याचं इंजेक्शन देऊन मला बोलावू नका, दुखणं झाकलं की पिळलेलं आतडं ओळखायला उशीर होतो.

आणि त्या डब्याच्या आत, ओट्स पाऊण किलोच्या पातळीवर येतात तिथे, रंगाने एक रेघ ओढून ठेवा. दाणा बदलला तर आधी ती रेघ पुसायची, नवा दाणा तराजूवर तोलायचा, मग नवी रेघ.